आधी जाळी, मग मलम
(प्रस्तावना)

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. उजनीचे पाणी काही दिवसांआड मिळते, त्यामुळे बॅरल, हौद, हंडे भरून ठेवणे इथल्या घरांच्या अंगवळणी पडले आहे. नेमके असेच साठवलेले पाणी एडिस इजिप्ती या डासाला मानवते. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका मुख्यतः हाच पसरवतो. आपली मच्छरदाणी रात्री उघडते, हा मात्र दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवेलागणीच्या आधी जास्त. झिका लांबचा राहिलेला नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला आणि 2024 मध्ये पुण्यात गरोदर स्त्रियांनाही त्याची लागण झाली. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने पहिला प्रश्न विचारावा तो असा: घरातले कोण, कोणत्या वेळी, कुठे उघडे राहते?

बहुतेक जण मात्र सुरुवात करतात ती ‘कोणते मलम चांगले?’ इथून. मलम डास मारत नाही. ते त्याला माणसाचा माग लागू देत नाही, तेही जिथे लावले तेवढ्याच कातडीवर आणि ठरावीक वेळ. डीट या द्रव्याचे प्रमाण 10 टक्के असेल तर साधारण दोन तास, 30 टक्के असेल तर पाच तास संरक्षण मिळते. प्रमाण वाढले की वेळ वाढतो, म्हणून मुलाला जितका वेळ बाहेर राहायचे तितकेच प्रमाण निवडावे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला कोणतेही मलम लावू नये. त्यापुढे मुलांसाठी डीट 30 टक्क्यांपर्यंत चालते, असा अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला आहे. लेमन युकॅलिप्टसचे तेल तीन वर्षांखाली वर्ज्य. आपल्याकडच्या अनेक मलमांत डीट नसून डायइथाइल बेंझामाइड असते. डीटचे आकडे त्याला लागू करू नयेत, वेष्टनावर छापलेले वय पाळावे. गर्भवतींबाबत थायलंड-म्यानमार सीमेवर 897 स्त्रियांचा अभ्यास झाला. चौथ्या महिन्यापासून पुढे रोज 20 टक्के डीट लावूनही बाळांच्या वाढीवर दुष्परिणाम दिसला नाही. हा अभ्यास 2001 चा. पहिल्या तीन महिन्यांबद्दल मात्र तो काही सांगत नाही, म्हणून त्या काळात डॉक्टरांना विचारून घ्यावे.

खोबरेल तेलात कापूर घालून बाळाला चोळण्याची रीत घरगुती वाटते, पण कापूर अंगात भिनला किंवा पोटात गेला तर तान्ह्याला झटके येऊ शकतात. कॉइलचेही तसेच. 2003 च्या एका मोजणीत एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म धूलिकण निघाले. बाळ किंवा गर्भवती असलेल्या खोलीत ती लावू नये.

आता एक घर डोळ्यांपुढे आणू. महिन्याचे बाळ, चार वर्षांची मुलगी आणि सहाव्या महिन्यातली काकू. बाळाला मलम नाहीच, त्यामुळे दुपारच्या झोपेतही झोळीवर किंवा पाळण्यावर पूर्ण झाकणारी जाळी हवी. ती अंगाला टेकली तर डास जाळीतूनच चावतो, म्हणून ताणून, दूर बांधावी. मुलगी संध्याकाळी अंगणात खेळायला निघाली की मोठ्या माणसाने मलम आपल्या तळव्यावर घेऊन तिच्या उघड्या हातापायांना लावावे. तिची बोटे, डोळ्यांभोवतीची कातडी, तोंड आणि जखमा सोडाव्यात. घरी आल्यावर साबणाने धुवावे. काकूंनी बाहेर जाताना सुती पूर्ण बाह्या घालाव्यात आणि उघड्या भागाला मलम लावावे. रात्री तिघांनाही मलमाची गरज नाही, कारण खिडक्यांची जाळी आणि मच्छरदाणी ते काम करतात. जाळीचा दरवाजा बसवला तर तिन्हीसांजेला घराचे दारही उघडे ठेवता येते.

जाळी फसते ती भोकांपेक्षा कडेच्या फटींतून. उन्हाळ्यात खिडकीत कूलर बसवला की भोवती बोटभर जागा मोकळी राहते, चिकटपट्टीची जाळी धुळीने सुटते. मच्छरदाणीची खूण याहून सोपी: सकाळी आत रक्त पिऊन फुगलेला डास दिसला तर ती गादीखाली नीट खोचली गेली नव्हती किंवा फाटलेली आहे.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने एक काम करावे. बॅरल आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि नुसते पाणी ओतून जात नाहीत. अळी घरातच वाढत असेल, तर मलमावर कितीही पैसे खर्च केले तरी ते अपुरेच पडणार.