स्तंभांची रांग आणि पुसलेला पर्यटक : कार्ले चैत्यगृहाच्या छायाचित्राच्या आधारे एक विचार

प्रास्ताविक

वास्तूच्या अभ्यासकाला वास्तू रिकामी हवी असते. आरंभीच्या छायाचित्रकाराला हा रिकामेपणा आपोआप मिळत असे. १८३८ मध्ये लुई दागेर याने पॅरिसमधील एका गजबजलेल्या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात गाड्या व पादचारी जवळजवळ दिसतच नाहीत. प्रकाश टिपण्यास कित्येक मिनिटे लागत असल्याने हालणारी माणसे त्यावर उमटलीच नाहीत. बूट साफ करून घेण्यासाठी थांबलेला एक मनुष्य तेवढा राहिला. आजचा कॅमेरा क्षणार्धात चित्र घेतो, त्यामुळे प्रत्येक माणूस स्पष्ट उमटतो आणि त्याला पुसण्याचे काम नंतर संगणकावर करावे लागते.

आकाश, गवत किंवा खडबडीत कातळ यांपुढे उभा असलेला माणूस पुसणे सोपे असते. स्तंभांची रांग, कमानींची ओळ किंवा विटांचे थर मागे असले, की तेच काम अवघड होते आणि केलेली दुरुस्ती लगेच डोळ्यात भरते. ती का भरते, ती टाळण्याचा योग्य क्रम कोणता आणि इतिहासाचा पुरावा म्हणून वापरावयाच्या छायाचित्रात ती कोठे करूच नये, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील चैत्यगृहाचे उदाहरण घेतले आहे.

उदाहरणाची निवड

कार्ल्याच्या चैत्यगृहात मध्यदालनाच्या दोन्ही बाजूंस प्रत्येकी १५ अलंकृत स्तंभ आहेत. स्तूपामागील ७ स्तंभ साधे अष्टकोनी आहेत. अलंकृत स्तंभांची घडण दुरून एकसारखी वाटते : खाली घटाकार तळ, त्यावर अष्टकोनी दंड, वर घंटेच्या आकाराचे शीर्ष आणि त्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेल्या मानवाकृती. जवळ गेल्यावर मात्र हे साम्य संपते. प्रत्येक शीर्षावरील आकृतींची ठेवण वेगळी आहे. शिवाय अनेक स्तंभांवर ब्राह्मी लिपीत दानलेख कोरलेले आहेत. त्यांत धेनुकाकट येथील दात्यांची, त्यांतही स्वतःस यवन म्हणविणाऱ्यांची नावे येतात. एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमिताने दिलेल्या, अवशेषयुक्त स्तंभाच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे येथील प्रत्येक स्तंभ हा स्वतंत्र दस्तऐवज आहे.

चैत्यगृहाला लागूनच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने येथे पर्यटकांइतकीच भाविकांचीही वर्दळ असते. प्रवेशद्वारातून स्तूपाच्या दिशेने घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रात दोन-चार स्तंभांचे तळ व दंडाचा खालचा भाग माणसांनी झाकलेला असणार, हे गृहीत धरावे लागते.

ठिगळ का दिसते ?

झाकलेल्या भागावर शेजारच्या स्तंभाचा तसाच भाग उचलून चिकटविणे, हा सर्वांना प्रथम सुचणारा उपाय होय. फोटोशॉपमधील क्लोन स्टॅम्प हेच करतो. २००२ मधील सातव्या आवृत्तीत आलेला हीलिंग ब्रश उचललेल्या भागाचा रंग व उजेड भोवतालाशी जुळवून घेतो, तर २०१० मध्ये आलेले कंटेंट-अवेअर फिल जुळणारे तुकडे स्वतः शोधते. तिन्ही साधनांत एक मर्यादा समान आहे. ती चित्रातीलच दुसरा भाग उसना घेतात, झाकलेल्या जागी प्रत्यक्षात काय होते हे त्यांना माहीत नसते.

उसना भाग का जुळत नाही, हे एका सोप्या हिशेबाने स्पष्ट होईल. पुढील आकडे कार्ल्याच्या मोजमापाचे नाहीत, केवळ सोयीसाठी घेतले आहेत. कॅमेरा दालनाच्या मध्यरेषेवर असून तो सरळ समोर रोखलेला आहे. उजव्या रांगेतील पहिला स्तंभ ६ मीटर पुढे आहे, त्यानंतरचे स्तंभ २-२ मीटर अंतरावर आहेत आणि संपूर्ण रांग मध्यरेषेपासून ३ मीटर उजवीकडे आहे. चित्रात पहिल्या स्तंभाची उंची १२०० पिक्सेल आली, तर दुसऱ्याची ९००, तिसऱ्याची ७२० व चौथ्याची ६०० येईल, कारण आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो. दुसऱ्या स्तंभाचा तळ झाकलेला असेल आणि तो तिसऱ्यावरून घ्यावयाचा असेल, तर तुकडा सव्वापट मोठा करावा लागेल व तो धूसर दिसेल. पहिल्यावरून घेतल्यास तो तीनचतुर्थांश करावा लागेल, त्यात तपशील टिकेल. म्हणून उसने घ्यायचेच असेल, तर जवळच्या स्तंभावरून घ्यावे.

तरीही अडचण संपत नाही. याच मांडणीत पहिला स्तंभ दृष्टिरेषेपासून सुमारे २७ अंश, दुसरा २१ अंश आणि तिसरा १७ अंश बाजूला दिसतो. दंड अष्टकोनी असल्यामुळे कोन बदलला, की त्याच्या दिसणाऱ्या पैलूंच्या रुंदीचे प्रमाणही बदलते. पहिल्याचा दंड नेमका लहान करून दुसऱ्यावर बसविला, तरी वरच्या खऱ्या भागातील कडा आणि खालच्या उसन्या भागातील कडा एका रेषेत येत नाहीत. स्तंभ मध्येच किंचित पिळल्यासारखा भासतो. घटाकार तळ गोल असल्याने तेथे हा दोष बराच कमी जाणवतो.

फोटोशॉपमध्ये २००५ साली आलेले Vanishing Point हे साधन या ठिकाणी पुरेसे का पडत नाही, हेही यावरून कळते. आपण आखून दिलेल्या प्रतलाच्या यथादर्शनानुसार ते उसन्या भागाचा आकार बदलते. सपाट भिंत, फरसबंदी किंवा विटांचे थर यांसाठी ते उत्तम आहे. तेथे तुकडा पूर्ण विटांच्या पटीत सरकवावा आणि एकाआड एक थरांत सांधे सरकलेले असल्यास उभ्या दिशेने तो दोन-दोन थरांनी हलवावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे सांधे जुळतात. स्तंभ मात्र प्रतल नसून घनाकृती आहे. त्याची न दिसलेली बाजू प्रतलाच्या गणिताने निर्माण करता येत नाही.

तिसरे कारण उजेडाचे आहे. कार्ल्याचे चैत्यगृह पश्चिमाभिमुख असून मुख्य उजेड मोठ्या चैत्यगवाक्षातून येतो. दारापासून स्तूपाकडे जाताना तो उतरत जातो. त्यामुळे पुढच्या स्तंभाचा तुकडा मागच्या स्तंभावर उजळ डाग होऊन बसतो.

योग्य क्रम : आधी खरे, मग उसने

यावरील खरा उपाय छायाचित्र घेतानाच करावयाचा असतो. एकाच जागेवरून अनेक चित्रे घ्यावीत, म्हणजे एका चित्रात झाकलेला भाग दुसऱ्या चित्रात उघडा मिळतो. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगी लागते, ती आधीच मिळवावी. फोकस, छिद्रमान, प्रकाशनकाल व रंगसंतुलन हाताने निश्चित करावे आणि साधारण अर्ध्या मिनिटाच्या अंतराने १५ चित्रे घ्यावीत. हे काम सात-आठ मिनिटांत आटोपते, तेवढ्या वेळात गवाक्षातून येणारा उजेड फारसा सरकत नाही. दुपारनंतर थेट ऊन आत येत असताना हा प्रयोग टाळावा, कारण उन्हाचा पट्टा फरशीवर सरकत राहतो.

ही चित्रे File > Scripts > Load Files into Stack… या आज्ञेने एकाच फाइलमध्ये थरांच्या रूपात आणावीत व त्याच वेळी ती परस्परांशी जुळवून घ्यावीत. नंतर सर्व थरांचा स्मार्ट ऑब्जेक्ट करून Layer > Smart Objects > Stack Mode > Median निवडावे. संगणक प्रत्येक बिंदूच्या १५ मूल्यांचा मध्यक घेतो. एखादा बिंदू १५ पैकी किमान ८ चित्रांत उघडा असेल, तर मध्यक दगडाचाच येतो. माणूस जातो, त्याच्याबरोबर त्याची फरशीवरील सावली आणि रंगीत वस्त्रामुळे दगडावर पडलेली छटाही जाते. हाताने पुसताना नेमक्या याच दोन गोष्टी मागे राहतात. येथे सरासरी उपयोगी पडत नाही, कारण सरासरीत प्रत्येक माणसाची पुसट छाया शिल्लक राहते.

समजा, तिसऱ्या स्तंभाशी एक कुटुंब बराच वेळ थांबले आणि १५ पैकी ११ चित्रांत तेथेच राहिले. मध्यकात ते कायम राहील किंवा अर्धवट विरघळलेले दिसेल. अशा वेळी तो तळ उघडा दिसणारे एखादे चित्र शोधावे, ते मध्यकचित्रावर स्वतंत्र थर म्हणून ठेवावे आणि मास्क वापरून तेवढाच भाग प्रकट करावा. मध्यकासाठी निम्म्याहून अधिक चित्रे उघडी लागतात, या पद्धतीला एकच पुरते. येथे काहीही उसने घेतलेले नसते. दिसणारा भाग त्याच स्तंभाचा, त्याच कोनातून आणि जवळजवळ त्याच उजेडात टिपलेला असतो, म्हणून सांधा जुळविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

एकाही चित्रात उघडा न मिळालेला भाग उरलाच, तरच उसनवारीचा विचार करावा, आणि तोही फरशी किंवा गोल तळाचा अनलंकृत भाग यांपुरता.

दुरुस्ती ओळखण्याच्या खुणा

अशा चित्राची परीक्षा करताना स्तंभांचा आकार न पाहता त्यांवरील डाग, टवके व भेगा पाहाव्यात. घडण कारागिराने सारखी केलेली असते, झीज मात्र दोन ठिकाणी सारखी होत नाही. एकच टवका दोन स्तंभांवर त्याच जागी दिसला, तर तो उसना आहे असे समजावे. आकार न बदलता चिकटविलेला भाग शोधण्यासाठी चित्राची प्रत मूळ चित्रावर ठेवून मिश्रणप्रकार Difference करावा आणि प्रत सरकवून पाहावी. दोन्ही तुकडे एकमेकांवर आले, की तेवढा भाग जवळजवळ काळा होतो. लहान-मोठा केलेला तुकडा मात्र या चाचणीत सापडत नाही.

समोरच्या रांगेतील स्तंभ आरशातल्याप्रमाणे उलटा करून वापरण्याचा मोहही होतो, कारण त्यामुळे कोन व उजेड दोन्ही जुळतात. दंडावर लेख असल्यास त्यातील अक्षरे उलटी होतात आणि लिपी जाणणाऱ्याच्या ते तत्काळ लक्षात येते. लेख नसलेल्या स्तंभाच्या बाबतीत ही फसवणूक कोणाच्याही लक्षात न येण्याची शक्यता अधिक, आणि म्हणूनच ती अधिक घातक ठरते.

पुराव्याची मर्यादा

शोधप्रबंधातील छायाचित्र हे साधन असते. लेख असलेल्या स्तंभाचा दंड शेजारच्या कोऱ्या स्तंभावर उतरला, तर एका दात्याचे दान दोनदा नोंदले जाईल. कोरा दंड लेखावर उतरला, तर दाताच नाहीसा होईल. चित्र पाहणाऱ्या पुढील संशोधकाला यातील काहीच कळणार नाही. दुरुस्ती सफाईदार असेल तितकी ही हानी अधिक. अनेक चित्रांतून मिळविलेला भाग आणि शेजाऱ्यावरून उसना घेतलेला भाग यांत दिसण्याचा फरक नसला, तरी पुरावा म्हणून त्यांच्यात मूलभूत फरक आहे. पहिला साक्षीदार आहे, दुसरा ऐकीव.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की पुनरावृत्ती असलेल्या वास्तूत पर्यटक पुसणे हे मुख्यतः चित्र घेण्याचे काम आहे, संगणकावरील काम त्यानंतरचे. मध्यकाने मिळेल ते मध्यकाने घ्यावे, उरलेले एखाद्या उघड्या चित्रातून घ्यावे, लेख व शिल्प असलेल्या भागावर उसनवारी कदापि करू नये. सर्व मूळ चित्रे व थरांची फाइल जतन करावी, आणि चित्राखाली ते किती चित्रांतून सिद्ध केले व कोणता भाग उसना आहे हे एका वाक्यात नोंदवावे. यानंतरही लेखापुढे एखादा भाविक उभा राहिलाच, तर त्याला तेथेच राहू द्यावे. तो झाकत असलेला भाग अज्ञात आहे, हे त्याच्या उपस्थितीने प्रामाणिकपणे सांगितले जाते, आणि स्तंभ माणसापेक्षा किती उंच आहे हेही त्याच्यामुळेच कळते.