बँक बुडण्याची अफवा बँकेला खरोखर कशी बुडवते?

बँकेबाहेर रांग लागली की रांगेतल्या लोकांना घाबरट म्हटलं जातं. पण हिशेब मांडला तर रांगेत उभं राहणंही शहाणपणाचं ठरू शकतं, आणि अडचण तिथेच आहे.

समजा, जालना जिल्ह्यातल्या आष्टीत एका बँकेचे दोनच ठेवीदार आहेत. दोघांचे एकेक लाख. बँकेने ते पैसे वर्षभरासाठी कर्जाऊ दिले आहेत. दोघं थांबले, तर वर्षाअखेरीस प्रत्येकाला १ लाख १० हजार मिळतील. पण मधेच पैसे मागितले, तर कर्जं घाईने तोट्यात विकावी लागतात आणि हाती येतात फक्त १ लाख २० हजार. एकच जण धावला, तर तो त्यातून आपला पूर्ण लाख नेतो आणि थांबलेल्याला २० हजार उरतात. दोघं धावले, तर प्रत्येकी ६० हजार.

आता एका ठेवीदाराच्या जागी बसून पाहा. दुसरा थांबणार असेल, तर थांबणं बरं, कारण लाखाऐवजी १ लाख १० हजार मिळतात. दुसरा धावणार असेल, तर धावलेलंच बरं, कारण २० हजारांऐवजी ६० हजार मिळतात. म्हणजे बँक सुदृढ असूनही दोन शेवट शक्य आहेत, आणि कोणता होईल हे दुसरा काय करेल या अंदाजावर ठरतं. डायमंड आणि डिबविग या अर्थतज्ज्ञांनी १९८३ मध्ये हेच दाखवलं. त्यासाठी २०२२ चं नोबेल त्यांना मिळालं.

ठेव विमा आला की यातले दोन आकडे बदलतात. दोघं धावले तरी प्रत्येकाला लाख मिळतो. दुसरा धावला आणि आपण थांबलो, तरी २० हजारांऐवजी लाख आणि तोवरचं व्याज मिळतं. मग दुसरा काहीही करो, थांबण्यात तोटा नाही. धावण्याचं कारणच संपतं, आणि कोणी धावलं नाही तर विम्याचे पैसे द्यावेही लागत नाहीत.

१९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर भारतात १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती दीड हजार रुपये. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ती एक लाख होती, आणि सुरुवातीला खात्यातून काढता येत होते फक्त एक हजार. त्या बँकेची कर्जंच खराब होती, तो दोष विम्याने जात नाही. फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. ती एका बँकेतल्या सर्व शाखांमधल्या ठेवी मिळून, मुद्दल आणि व्याज धरून मोजली जाते.

हा विमा सहकारी बँकांना आहे. पतसंस्था आणि मल्टिस्टेट पतसंस्थांना तो नाही. पाटी बँकेसारखी दिसली तरी तिथल्या ठेवीदाराला वरचा पहिलाच हिशेब लागू होतो, २० हजारांचा.