तोंडी केमोथेरपी : घरातील सुरक्षितता

कर्करोगावरील काही औषधे सलाइनऐवजी गोळीच्या रूपात घरीच घेतली जातात. आतड्याच्या व स्तनाच्या कर्करोगात दिली जाणारी कॅपेसिटाबिन ही त्यांपैकी नेहमी आढळणारी गोळी. पोटात गेल्यावर तिचे ५-फ्लूरोयुरॅसिल या पेशीनाशक औषधात रूपांतर होते. रुग्णाच्या दृष्टीने हा उपचार असतो. ज्यांना कर्करोग नाही त्यांनी मात्र त्याच्या संपर्कात येऊ नये. ही नोंद कॅपेसिटाबिनविषयी आहे. इतर गोळ्यांचे तपशील वेगळे असू शकतात.

गोळीवरचे आवरण शाबूत असेल तोवर आतले औषध बाहेर येत नाही. खरा धोका गोळी फुटल्यावर निर्माण होतो आणि घरात तो बहुधा मायेपोटीच ओढवतो. आजींना मोठी गोळी गिळवत नाही, म्हणून सून ती दोन चमच्यांमध्ये चुरडते किंवा खलात कुटून मधात कालवते. त्या वेळी उडणारी भुकटी श्वासावाटे आत जाते, बोटांना लागते आणि खलात उरते. पुढे त्याच खलात वेलदोडे कुटले जातात. म्हणून गोळी तोडू, चावू वा कुटू नये. गिळणे जमत नसेल तर उपचार करणाऱ्या रुग्णालयाला विचारावे. पर्याय सुचवणे हे त्यांचे काम आहे. चुकून गोळी फुटलीच तर केरसुणी फिरवू नये, कारण तिने भुकटी उडते. हातमोजे घालून ओल्या कागदाने ती टिपावी, जागा साबणाच्या पाण्याने पुसावी आणि कागद, मोजे पिशवीत बांधून ठेवावेत.

रुग्णाने स्वतः गोळी घेतली तर मोज्यांची गरज नाही. आधी व नंतर साबणाने हात धुतले की पुरे. दुसरे कोणी देत असेल तर त्याने एकदा वापरून टाकायचे मोजे घालावेत किंवा स्ट्रिपमधून गोळी थेट छोट्या वाटीत पाडावी. ही वाटी औषधापुरतीच वेगळी ठेवावी. गर्भवती, अंगावर पाजणारी किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असलेली स्त्री घरात असेल, तर हे काम दुसऱ्याने करावे.

मात्रा शरीराच्या पृष्ठफळावरून ठरते. समजा, ते १.५ चौरस मीटर आहे आणि डॉक्टरांनी दर चौरस मीटरला १००० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे लिहून दिले आहे. मग एका वेळी १५०० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. १४ दिवसांत ८४ गोळ्या लागतात आणि पुढचे ७ दिवस सुट्टी असते. एखादी वेळ चुकली किंवा गोळीनंतर उलटी झाली तर ती भरून काढण्यासाठी जादा गोळ्या घेऊ नयेत. घेतलेल्या वेळेवर कॅलेंडरात खूण केली, तर घरातल्या दोघांनी दोनदा गोळ्या देण्याचा घोळ होत नाही.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, कोरड्या जागी आणि कुलूपबंद ठेवाव्यात. वेष्टनावर सांगितले नसेल तर फ्रिजमध्ये ठेवू नयेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांच्या डब्यात त्या मिसळणे विशेष धोक्याचे, कारण चुकीची गोळी दुसऱ्याच्याच हातात पडते. मुलाने गोळी खाल्ली असेल, तर लक्षणे दिसण्याची वाट न पाहता स्ट्रिप बरोबर घेऊन तातडीने रुग्णालय गाठावे. दुष्परिणाम काही दिवसांनीही दिसू लागतात.

औषधाचा अंश लघवी, शौच व उलटीतून बाहेर पडतो. म्हणून गोळ्या चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर ४८ तास काळजी घ्यावी. वरच्या उदाहरणात शेवटची गोळी १४व्या दिवशी रात्री घेतली, तर ही मुदत १६व्या दिवशी रात्री संपते. या काळात पुरुषांनीही बसून लघवी करावी आणि कमोडचे झाकण लावून दोनदा फ्लश करावे. भारतीय पद्धतीच्या संडासात शिंतोडे न उडवता भरपूर पाणी ओतावे. खराब झालेली चादर मोजे घालून उचलावी आणि इतर कपड्यांत न मिसळता दोनदा धुवावी. शरीरसंबंधात निरोध वापरावा. एका ताटात जेवणे, मिठी मारणे, नातवंडाला मांडीवर घेणे यांत धोका नाही. भीतीपोटी रुग्णाला वेगळे पाडणे चुकीचे आहे.

हातापायांची त्वचा सोलवटणे किंवा जुलाब यांमुळे डॉक्टर औषध मध्येच थांबवतात आणि गोळ्या उरतात. त्या संडासात टाकू नयेत, ओल्या-सुक्या कचऱ्यात घालू नयेत आणि दुसऱ्या रुग्णालाही देऊ नयेत. रुग्णालयांनी पेशीनाशक औषधांचा कचरा १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला जाळण्यासाठी पाठवावा, असे २०१६चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम सांगतात. घरच्या शेगडीत किंवा शेकोटीत ते तापमान मिळत नाही आणि धूर मात्र घरभर होतो. म्हणून उरलेल्या गोळ्या, रिकाम्या स्ट्रिपा आणि बांधून ठेवलेले मोजे दुहेरी पिशवीत घालून, वर ‘केमोथेरपीचे औषध’ असे लिहून, पुढच्या तपासणीला जाताना रुग्णालयाच्या औषधविभागाला विचारून तिथे जमा करावेत.