ठिपके आधी, गणित नंतर

जव्हार-मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरची अंगणवाडी डोळ्यांसमोर आणा. आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, पण अशा नोंदी तिथे दर महिन्याला होतात. आठ मुलांची उंची 78 ते 85 सेंटिमीटर, एकेका सेंटिमीटरच्या फरकाने. त्याच क्रमाने वजनं 9.4, 8.8, 9.6, 8.9, 9.3, 9.9, 9.0 आणि 9.7 किलो. नववं तान्हं बाळ, 57 सेंटिमीटर आणि साडेचार किलो. संगणकाला उंची आणि वजनाचा सहसंबंध विचारला तर तो 0.96 सांगतो, म्हणजे जवळजवळ परिपूर्ण. तान्ह्या बाळाला वगळून पुन्हा विचारा, तोच आकडा 0.32 वर येतो.

हे कळायला संगणक लागत नाही. आडव्या अक्षावर उंची, उभ्या अक्षावर वजन घेऊन नऊ ठिपके मांडले की दिसतं: उजवीकडे वर आठ ठिपक्यांचा विस्कटलेला पुंजका, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एकटा ठिपका. ठिपक्यांमधून ओढलेली रेषा त्या एकट्याला आणि पुंजक्याला जोडते, पुंजक्याच्या आत काय चाललंय याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. बाळाच्या नोंदीत काही चूक नाही, बाळही ठणठणीत आहे. तरी सगळा सहसंबंध त्याच्या एकट्याच्या जिवावर उभा आहे.

असं आधी पाहून मग मोजण्याची पद्धत खगोलशास्त्रातून आली. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलज्ञाने कन्या राशीतल्या एका जोडताऱ्याच्या जुन्या-नव्या नोंदी गोळा केल्या होत्या. त्यातली सर्वांत जुनी 1718 ची होती. चौकटीच्या कागदावर त्याने आडवं वर्ष आणि उभा दोन ताऱ्यांमधल्या दिशेचा कोन घेतला, ठिपके मांडले आणि त्यांच्यामधून हाताने एक गुळगुळीत वक्र ओढला. हे काम 1833 मध्ये छापून आलं. प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक असते, आणि ठिपक्यांमधून काळजीपूर्वक ओढलेला वक्र त्या सुट्या ठिपक्यांपेक्षा जास्त विश्वासाचा असतो, अशी त्याची भूमिका होती. कक्षेचं गणित त्याने वक्रावरून केलं, कच्च्या आकड्यांवरून नाही.

पण परिभ्रमणकाळ त्याला पाचशे वर्षांच्या वर मिळाला. आज तो सुमारे 169 वर्षं मानतात. हाती होता तो कक्षेचा एक भाग. 1836 च्या सुमाराला दोन तारे एकमेकांच्या अगदी जवळ येऊन झपाट्याने वळले, आणि ते वळण कागदावर अजून आलेलंच नव्हतं. डोळा ठिपक्यांच्या पट्ट्यात भरवशाचा, पट्ट्याबाहेर नाही, ही मर्यादा या पद्धतीला जन्मापासूनच चिकटलेली आहे.

पुढचं पाऊल फ्रान्सिस गाल्टनचं. 205 जोडप्यांच्या 928 प्रौढ मुलांची उंची त्याने आईवडिलांच्या सरासरी उंचीपुढे मांडली. बायकांची उंची 1.08 ने गुणून पुरुषांच्या मापात आणलेली होती. प्रत्येक चौकटीत किती मुलं येतात ते लिहिलं, शेजारच्या चौकटींची बेरीज करून आकडे सपाट केले आणि सारख्या संख्यांच्या जागा जोडल्या, तेव्हा त्याला एकात एक बसलेले लंबगोल दिसले. मगच त्याने केंब्रिजचा गणिती हॅमिल्टन डिक्सन याला कोडं घातलं आणि डिक्सनने सूत्राने तोच आकार काढून दाखवला. हे 1886 मध्ये प्रसिद्ध झालं. सहसंबंध मोजण्याचं कार्ल पिअर्सनचं सूत्र आलं त्यानंतर दहा वर्षांनी. म्हणजे लंबगोल आधी दिसला, त्याला संख्या नंतर मिळाली. आज वर्गात हा क्रम उलटा शिकवतात, आणि मला त्यात मोठं नुकसान वाटतं.

लंबगोलावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. 1984 मध्ये शातियों या संख्याशास्त्रज्ञाने त्याची सोपी रीत छापली. ठिपक्यांभोवती घट्ट लंबगोल काढा. त्याची वरपासून खालपर्यंतची पूर्ण उंची मोजा, मग बरोबर मध्यावरची उभी जाडी मोजा. जाडी भागिले उंची, त्याचा वर्ग एकातून वजा, आणि उरेल त्याचं वर्गमूळ. जाडी उंचीच्या 0.6 पट असेल तर सहसंबंध 0.8; 0.87 पट असेल तर जेमतेम 0.5. रीत चालते ती ठिपके खरोखर लंबगोलात बसत असतील तरच. पुंजका वाकलेला असेल किंवा एखादा ठिपका दूर पडला असेल, तर लंबगोल काढायला हात अडखळतो, आणि ते अडखळणं हेच उत्तर समजावं.

डोळ्याला फसवणंही सोपं आहे. क्लीव्हलंड, डायकोनिस आणि मॅकगिल यांनी 1982 मध्ये दाखवलं की अक्षांची मर्यादा वाढवून तेच ठिपके चौकटीत लहान केले, तर जाणकारांनाही सहसंबंध जास्त बळकट वाटतो. म्हणून आधी अक्षावरचे आकडे वाचायचे, मग ठिपके.

एकट्या ठिपक्याची करामत 1973 मध्ये फ्रान्सिस अॅन्सकोंबने लख्ख उजेडात आणली. अकरा-अकरा ठिपक्यांचे चार संच, चौघांचा सहसंबंध 0.82 च्या आसपास, चौघांची रेषाही एकच, पण चित्रं चार तऱ्हांची. चौथ्यात दहा ठिपके एकाच उभ्या ओळीत आणि अकरावा दूर उजवीकडे. चार वर्षांनी डेनिस कुकने एकेक ठिपका काढून रेषा किती हलते हे मोजण्याचं माप दिलं. माप चांगलंच आहे, पण बोटाने एक ठिपका झाकून रेषा कुठे जाईल असं स्वतःला विचारणं हेच काम करतं.

आता पुन्हा आपली आठ मुलं घ्या. 85 सेंटिमीटरच्या मुलाचं 9.7 किलो वजन रजिस्टरमधून उतरवताना 7.9 झालं. सहसंबंध 0.32 वरून उणे 0.39 वर जातो, जणू उंच मुलं हलकी. तितकीच चूक 82 सेंटिमीटरच्या मुलाच्या वजनात झाली असती, तर रेषेने दिशा बदलली नसती. कारण मधला ठिपका रेषेला फार तर वरखाली सरकवतो, टोकाचा तिला फिरवतो. म्हणून पुंजक्याच्या टोकाला रेषेपासून लांब बसलेला ठिपका दिसला की पहिलं काम मूळ रजिस्टर उघडणं.

आणि आकडा बरोबरच निघाला तर? तर ठिपका पुसायचा नाही, त्या मुलाकडे जायचं. उंचीच्या मानाने वजन फार कमी म्हणजे तीव्र कुपोषणाची शंका. अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. 1992 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे बालमृत्यू राज्यभर गाजले, त्यानंतरच्या इतक्या वजन-नोंदींचा अर्थ तो लांबचा ठिपका हुडकण्यातच आहे. संशोधनाच्या तक्त्यात जो उपद्रवी म्हणून गाळला जातो, त्याच्यासाठीच इथे आलेख काढायचा.

वयाचा आलेख काढला तर आणखी एक गोष्ट दिसू शकते. जन्मतारीख नीट माहीत नसली की वय 12, 18, 24 महिने असं ठोकळ आकड्यांत लिहिलं जातं आणि ठिपके उभ्या ओळींत रचले जातात. सूत्र याबद्दल चकार शब्द काढत नाही, चित्र मात्र लगेच सांगतं की वय अंदाजे लिहिलंय. अशा वेळी वजन वयाशी नाही, उंचीशी ताडून पाहा.

चित्रालाही न दिसणारी दोन मुलं असतात. एक, दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेलं; त्याचा ठिपकाच नाही, म्हणून पटावरची नावं आणि ठिपके मोजून ताळा घ्यावा लागतो. दुसरं, अंगावर सूज असलेलं. सुजेचं पाणी वजन वाढवतं आणि त्याचा ठिपका रेषेवर नेमका बसू शकतो. त्याच्यासाठी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून धरायचा आणि खळगा राहतो का ते बघायचं.