हरतालिकेच्या रात्री ९:०५

सकाळी ७:०५, चौदा तास बाकी

मावशीच्या पाककृतींच्या ब्लॉगचा तांत्रिक भाग माझ्याकडे आहे. पगार नाही, वर्षाला एकवीस मोदक. ब्लॉग तेव्हा शेअर्ड होस्टिंगवर होता, म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो साइट, आणि कोणी दुसऱ्याचा वाटा खाऊ नये म्हणून प्रत्येकीला मर्यादा. आमच्या वाट्याला प्रोसेसरचा एक कोअर, १ जीबी मेमरी आणि एका क्षणी पीएचपीच्या २० विनंत्या.

सीपॅनेलमध्ये `Resource Usage` नावाचं पान असतं. त्यात `Faults` असा रकाना आहे. मर्यादेला साइट किती वेळा आपटली, ते तिथे दिसतं. आदल्या दिवशीचा आकडा १४ होता. श्रावणात तो शून्य असायचा. मी तो पाहिला, चहा संपवला आणि लॅपटॉप मिटला. या दिवसातली खरी चूक इथेच झाली. पुढच्या सगळ्या तिच्या लेकी.

सकाळी १०:२०

मावशीचा फोन. “अरे, उकडीच्या मोदकांचं पान उघडत नाहीये. काहीतरी पाचशे आठ म्हणतंय.”

`508 Resource Limit Is Reached`. हा संदेश साइट बिघडल्याचा नसतो. वीसच्या वीस जागा भरल्या, एकविसाव्याला दारातून परत पाठवलं, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं, २० ही मर्यादाच छोटी आहे. गणित वेगळं होतं, पण ते मी रात्री केलं.

ते असं. आमचं एक पान तयार करायला प्रोसेसरचा साधारण पाव सेकंद जायचा, म्हणजे एका कोअरमधून सेकंदाला चार विनंत्या. पण ‘हे पान किती जणांनी पाहिलं’ हे मोजणारं एक प्लगइन मावशीने हौसेने लावलं होतं. ते प्रत्येक वाचकामागे `admin-ajax.php` ला आणखी एक हाक मारायचं, आणि त्या हाकेसाठी अख्खं वर्डप्रेस पुन्हा उभं राहायचं. म्हणून एक वाचक म्हणजे दोन विनंत्या आणि सेकंदाला दोनच वाचक. तिसरा आला की सेकंदाला दोन विनंत्या तुंबतात आणि दहा सेकंदांत वीस जागा भरतात. जागा ५० असत्या तर पंचवीस सेकंदांत भरल्या असत्या. अडलेला होता प्रोसेसर.

सकाळी ११:३०

घाईत तीन पर्याय मांडले.

आहे तिथेच राहून वरची योजना घेणं: हे अर्ध्या तासात झालं असतं, पण मला ते कमीपणाचं वाटलं.

मॅनेज्ड होस्टिंग: सर्व्हरची देखभाल, रोजचा बॅकअप, तयार पानांची साठवण, म्हणजे कॅशे, सगळं कंपनीकडे. बदल्यात सर्व्हरच्या आतल्या चाव्या आपल्याकडे नसतात, महिन्याला किती भेटी चालतील ते अनेकदा करारात असतं आणि पीएचपीच्या जागा इथेही मोजूनच मिळतात. किंमत पाहून मी ते पान बंद केलं.

उरलं व्हीपीएस. स्वतःची मेमरी, स्वतःचा कोअर, सगळ्या चाव्या. सर्वांत स्वस्त घेतलं: १ कोअर, १ जीबी.

म्हणजे जिथून निघालो तेवढंच! वरवर तरी तेवढंच, प्रत्यक्षात कमी. शेअर्डवर आमच्या १ जीबीत फक्त आमचं पीएचपी मोजलं जायचं, डेटाबेस त्या हिशेबाबाहेर चालायचा. व्हीपीएसवर ऑपरेटिंग सिस्टिम, वेब सर्व्हर, मायएसक्यूएल आणि पीएचपी, सगळ्यांनी त्याच १ जीबीत राहायचं.

दुपारी २:४५

डेटाबेस आणि फोटो नव्या सर्व्हरवर पोचले. पीएचपीची मांडणी करताना `pm.max_children` ही ओळ दिसली: एका वेळी जास्तीत जास्त किती विनंत्या हाताळायच्या. तिथे आधीपासून ५ होतं. जुन्या जागी २० होते, मग इथे कमी का? मी २० केले.

मग डोमेनचा पत्ता बदलला, आणि तेव्हा टीटीएल पाहिला: १४४००. हे सेकंद आहेत, म्हणजे चार तास. एकदा मिळालेला पत्ता इतका वेळ जवळ ठेवायला जगभरच्या यंत्रणांना आपणच सांगितलेलं असतं. तो आकडा आता ३०० केला तरी ज्यांच्याकडे जुना पत्ता आहे, ते चार तासांपर्यंत जुन्याच दारी जाणार. हे काम आदल्या दिवशी करायचं असतं.

दुपारी ४:००

निम्मे वाचक जुन्या सर्व्हरवर, निम्मे नव्यावर, आणि दोन्हीकडे वेगवेगळे डेटाबेस. कोणीतरी विचारलं, “उकड फाटते, तेल किती घालू?” मावशीने उत्तर दिलं. प्रश्न आणि उत्तर दोन्ही जुन्या डेटाबेसमध्ये राहिले, नव्यात दिसेनात. हलवाहलवीच्या काळात प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात हे मला माहीत होतं, सुचलं नाही.

संध्याकाळी ७:००, दोन तास बाकी

बहुतेक वाचक नव्या घरी आले. साइट चपळ. ५०८ गायब. मी मावशीला “झालं” असा संदेश पाठवला. रहदारी कमी असल्याने पीएचपीच्या चार-पाचच प्रक्रिया जिवंत होत्या, म्हणून मेमरी पुरत होती.

रात्री ८:५०

स्वयंपाकघरं आवरून बायका उद्याच्या नैवेद्याची तयारी बघू लागल्या. पीएचपीच्या प्रक्रिया एकेक करून वाढू लागल्या. आमची एक प्रक्रिया सुमारे ७० एमबी खायची. वीस म्हणजे १,४०० एमबी, आणि घर १,०२४ चं.

रात्री ९:०५

`Error establishing a database connection`. प्रत्येक पानावर.

```
dmesg -T | grep -i "out of memory"
Out of memory: Killed process 1187 (mysqld)
```

मेमरी संपली की लिनक्स कोणाला तरी मारतो आणि बहुधा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला निवडतो. तो होता डेटाबेस. तो आपोआप पुन्हा उठायचा आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा मारला जायचा. शेअर्डवर एकविसावा परत जात होता. इथे पहिल्यालाही काही मिळत नव्हतं.

रात्री ९:०५ नंतर

हिशेब कागदावर मांडला. सिस्टिम आणि वेब सर्व्हरला २०० एमबी, मायएसक्यूएलला ४००, उरले सव्वाचारशेच्या आसपास. भागिले ७०, म्हणजे सहा. थोडी फट ठेवायची तर पाच.

```
pm.max_children = 5
```

तोच ५, जो मी दुपारी खोडला होता. डेटाबेस मरायचा थांबला, पण पाच जागांपुढे रांग लागून पानं तरीही अडकत होती. मोजणारं प्लगइन काढलं. मग कॅशे चालू केला. तो मीच वर्षभरापूर्वी बंद केला होता, कारण मावशीने गूळ पाव किलोचा अर्धा किलो केला तरी पानावर पाव किलोच दिसत राहिला. तेव्हा कॅशे रिकामा करायचं बटण दाबलं असतं तर भागलं असतं. आता तयार पान थेट फाइलीतून जाऊ लागलं. पीएचपीला कोणी उठवतच नव्हतं. ११:४० ला प्रोसेसर जवळजवळ निवांत होता.

हेच दोन बदल सकाळी शेअर्डवर केले असते तर तो दिवस तिथेच निभावला असता. आमचे वाचक लॉगिन करत नाहीत, सगळ्यांना एकच पान जातं. दुकान किंवा सभासदांची साइट असती तर कॅशे इतका कामी आला नसता, कारण तिथे पान माणसागणिक बदलतं. तिथे कोअर आणि मेमरी खरोखर वाढवावी लागते. आता माझा नियम असा: कॅशे चालू असताना, साध्या दिवशीही `Faults` आठवडाभर दिसत राहिले, तर हलायचं, आणि सणाच्या निदान पंधरा दिवस आधी.

पितृपक्षात आम्ही मॅनेज्डवर गेलो. व्हीपीएस वाईट म्हणून नव्हे; त्याला सुरक्षेचे अपडेट देणारा आणि रात्री ९:०५ ला जागा असणारा माणूस लागतो, आणि मी नोकरी करतो. कंपनीला आधी विचारलं: पीएचपीच्या जागा किती, आणि भेटी ओलांडल्या तर साइट थांबवता की बिल वाढवता? टीटीएल दोन दिवस आधी ३०० केला, प्रतिक्रिया तासभर बंद ठेवल्या.

तेलाचा प्रश्न विचारणाऱ्या बाईंची प्रतिक्रिया जुन्या डेटाबेसमधून काढून मी हाताने नव्यात घातली. मावशीने उत्तर पुन्हा टाइप केलं: दोन वाट्या पिठीला एक चमचा, पाण्यातच.