बर्नुलीचा दोरा आणि पार्किंगवरची इमारत

जयपूरला जंतरमंतर उभे राहत होते, त्याच १७३० च्या दशकात डॅनियल बर्नुली एका टांगलेल्या दोऱ्याचे गणित मांडत होता. दोऱ्यावर समान अंतराने दोन सारखी वजने होती. ती कशीही हलवली, तरी दोनच हालचालींत दोन्ही वजने एका तालात डोलतात, असे त्याला आढळले. एका हालचालीत ती एकाच बाजूला जातात, दुसऱ्या हालचालीत विरुद्ध बाजूंना. ‘आयगेन’ हे नाव हिल्बर्टने १९०४ मध्ये दिले. बर्नुलीने काम भागवले ते साध्या बीजगणितावर.

आता हा दोरा मनातल्या मनात उलटा करा. वजनांच्या जागी दोन स्लॅब आणि दोऱ्याच्या जागी कॉलम आले की दुमजली शिअर इमारत तयार होते. वरच्या दोऱ्यावर दोन्ही वजनांचा ताण असतो, म्हणजे खालच्याच्या दुप्पट. म्हणून बर्नुलीचे समीकरण हे तळमजला दुप्पट ताठर असलेल्या इमारतीचेच समीकरण आहे. वरच्या मजल्याची ताठरता k, तळमजल्याची 2k, प्रत्येक स्लॅबचे वस्तुमान m आणि λ = ω²m/k धरल्यास:

(3 − λ)(1 − λ) − 1 = 0

यावरून λ = 2 ∓ √2, म्हणजे ०.५८६ आणि ३.४१४. पहिली ओळ सांगते की φ₂/φ₁ = 3 − λ. त्यामुळे पहिला कंपन-आकार १ : २.४१४ आणि दुसरा १ : −०.४१४. वस्तुमाने सारखी असल्याने ताळा सोपा आहे: 1 − 2.414 × 0.414 जवळजवळ शून्य यायला हवे. तसे आले नाही, तर बहुधा चिन्ह चुकले आहे.

भूकंपात इमारतीची हालचाल अशा आकारांची बेरीज म्हणून काढता येते, हे मॉरिस बिओने १९३२ च्या कॅल्टेकमधील प्रबंधात मांडले. 

आता तळमजल्यावर भिंती न बांधता पार्किंग ठेवा आणि त्याची ताठरता 0.1k धरा. आधीच्या 3 च्या जागी 1.1 येतो. λ₁ = ०.०४९ आणि पहिला आकार १ : १.०५१. बर्नुलीच्या इमारतीत छताच्या एकूण सरकण्यापैकी ४१ टक्के तळमजल्यात होते. इथे ९५ टक्के. वरचा मजला जवळजवळ अखंड ठोकळ्यासारखा सरकतो आणि सगळे वाकणे तळाच्या कॉलमांच्या वाट्याला येते.

२६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत, भुजजवळच्या केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवर, अशा कित्येक इमारती तळमजल्यातच कोसळल्या. पुढे IS 1893 च्या २००२ च्या आवृत्तीने मृदू मजल्याच्या कॉलम-बीमसाठी अडीचपट बलांची तरतूद केली. त्या आवृत्तीत जयपूर झोन दोनमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे. पण झोन बदलला तरी कंपन-आकार बदलत नाही.

एक गोष्ट मात्र हे समीकरण स्वतःहून सांगत नाही. नुसत्या कॉलम-बीमचे प्रारूप करून वरच्या विटांच्या भिंती सोडून दिल्या, तर दोन्ही मजले सारखेच ताठर दिसतात. मग उत्तर येते १ : १.६१८, आणि मृदू मजला कागदावर दिसतच नाही.