एलएलबीनंतर इंग्लंडमध्ये वकिली : आधी सनद घ्या, मग विमानाचं तिकीट

आपल्याकडची एलएलबी घेऊन इंग्लंडला गेलं की लगेच कोर्टात उभं राहता येत नाही. तिथे एक वर्षाचं एलएलएम केलं तरी वकील होता येत नाही. एजंट नेमकं हेच सांगत नाहीत, आणि घरचे जमीन गहाण ठेवून बसतात. तिथे वकिलाचे दोन मुख्य प्रकार आहेत, सॉलिसिटर आणि बॅरिस्टर. बाहेरून येणारे बहुतेक सॉलिसिटरचा रस्ता धरतात. त्यासाठी २०२१ पासून एसक्यूई ही परीक्षा आहे.

परीक्षेचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात १८०-१८० पर्यायी प्रश्नांचे दोन पेपर असतात, पुस्तक जवळ ठेवता येत नाही. करार कायदा आपल्या पोरांना ओळखीचा वाटतो, कारण आपला १८७२ चा कायदा इंग्रजांच्याच कायद्यावरून आलेला. पण तिथली जमीन, ट्रस्ट आणि सॉलिसिटरने अशिलाच्या पैशांचा ठेवायचा हिशोब हे विषय नवीनच शिकावे लागतात. सातबारा वाचता येतो म्हणून तिथला जमीन कायदा येईल असं नाही. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं करून दाखवायची असतात. अशिलाची मुलाखत, अर्जाचा मसुदा, कोर्टापुढचा युक्तिवाद, अशी. त्यातली चार तोंडी असतात आणि ती तिथे जाऊनच द्यावी लागतात. पहिला टप्पा मात्र भारतातल्या केंद्रावरूनही देता येतो. दोन्हींची फी मिळून पाच लाखांच्या वर जाते, क्लासचा खर्च वेगळा. प्रत्येक टप्प्याला तीनच संधी, त्याही सहा वर्षांच्या आत.

आता सनदेचं महत्त्व बघा. समजा, एकाच कॉलेजातून दोघी एलएलबी झाल्या. एकीने महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी केली, अखिल भारतीय बार परीक्षाही पास केली. दुसरी पदवी घेऊन तशीच निघाली. परीक्षा दोघींनाही आहे. पण दुसरीला त्याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, आणि तो तिथल्या सॉलिसिटरने किंवा संस्थेच्या ठरलेल्या अधिकाऱ्याने लेखी कबूल करावा लागतो. पहिली आधीच वकील धरली जाते, म्हणून तिला ही दोन वर्षं माफ. नुसती नोंदणी पुरत नाही, वकिलीचा पूर्ण हक्क असावा लागतो. म्हणून बार परीक्षा लांबणीवर टाकू नका. वकिलीचा चांगला अनुभव असला तर दुसऱ्या टप्प्यातूनही सूट मागता येते, ती प्रत्येकाचं प्रकरण बघून देतात.

नोंदणीच्या नावाखाली पूर्वी हजारो रुपये घेत. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या प्रवर्गाला ७५० रुपयांची मर्यादा घातली, ते लक्षात असू द्या.

शेवटी चारित्र्याची तपासणी होते. गुन्हा किंवा दिवाळखोरी लपवली तर तिथेच अडकतं. आणि परीक्षा पास झाली म्हणून व्हिसा मिळत नाही, त्यासाठी नोकरी देणारी फर्म वेगळी शोधावी लागते. पैसे भरण्याआधी सगळे नियम सॉलिसिटर्स रेग्युलेशन ऑथॉरिटीच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा.